काळ्या डब्यात उन्हाचं काय होतं?

शाळेच्या मैदानात पुठ्ठ्याचे पाच-सहा खोके रांगेनं उन्हात मांडलेले असतात. त्यातला एक हमखास सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. त्याला आतून-बाहेरून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुळगुळीत चिकटवलेली असते आणि मधोमध घासूनपुसून लख्ख केलेला स्टीलचा डबा ठेवलेला असतो. पहिला नंबर याच गटाचा, असं बघणाऱ्यांना वाटतं. तासाभरानं थर्मामीटर पाण्यात घातला जातो, तेव्हा मात्र हा खोका मागे पडलेला असतो. पुढे गेलेला असतो तो शेजारचा ओबडधोबड खोका, ज्याच्या तळाला काळा कागद आहे आणि ज्यात चुलीवर काळं पडलेलं पातेलं तसंच आणून ठेवलंय.

पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी सौर चुलीची स्पर्धा घ्यायची ती अशा क्षणासाठी. फॉइल चकाकते म्हणजे ती उष्णता देते, असं बहुतेक मुलांना मनापासून वाटत असतं. प्रत्यक्षात फॉइल स्वतः फारशी तापतच नाही. तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी ८५ टक्क्यांच्या आसपास उजेड ती परतवून लावते. ती उजेडाची दिशा बदलते, एवढंच तिचं काम. उजेडाची उष्णता होते ती जिथे तो शोषला जातो तिथे, आणि शोषण्यात काळा रंग सगळ्यांत तरबेज. चकचकीत डब्यावर पडलेला बराचसा उजेड फॉइलवर जातो, तिथून पुन्हा डब्यावर, आणि अशा दोन-चार उड्या मारून शेवटी वरच्या वाटेनं निघून जातो. काळ्या पातेल्यावर पडलेला उजेड तिथेच मुरतो.

म्हणूनच ‘सगळ्यांत छान चूल कोणाची’ अशी स्पर्धा ठेवली, तर मुलांच्या हाती फारसं काही लागत नाही. पुठ्ठ्याची कलाकुसर कोणाची चांगली, एवढंच कळतं. त्यापेक्षा सगळ्या गटांना एकसारखं सामान द्यावं आणि प्रत्येकानं एकच गोष्ट बदलावी. एका गटाची चूल पूर्ण, त्यात काही कमी नाही. दुसऱ्याच्या चुलीला वरचं पारदर्शक झाकण नाही. तिसऱ्याच्या चुलीत काळा रंग कुठेच नाही. चौथ्यानं दोन खोक्यांमधल्या फटीत काहीच भरलेलं नाही. पाचव्याच्या चुलीला उजेड आत वळवणारी झडप नाही. प्रत्येकाच्या डब्यात पाणी मात्र मोजून २०० मिलिलिटर. दर दहा मिनिटांनी तापमान वहीत टिपायचं. मग कोण जिंकलं यापेक्षा कोणाचं कशामुळे अडलं, हा प्रश्न मुलंच एकमेकांना विचारू लागतात.

चूल बांधणं अवघड नाही. दोन खोके घ्यायचे, एक दुसऱ्यात बसेल असे आणि चारही बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर फट राहील असे. आतल्या खोक्याचं तोंड साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि तेवढंच रुंद असलं की बरं. दोन्हींच्या मधल्या फटीत आणि तळाखाली वर्तमानपत्राचे चुरगळलेले बोळे भरायचे. ते ठासून दाबायचे नाहीत, कारण उष्णता अडवण्याचं काम कागदापेक्षा त्याच्या चुण्यांमध्ये अडकलेली हवा जास्त करते. आतल्या खोक्याच्या भिंतींना पातळ केलेल्या फेविकॉलनं फॉइल चिकटवायची. तळाला काळा कार्डशीट किंवा काळा रंगवलेला पत्रा टाकायचा. वर पारदर्शक प्लास्टिकचा जाड कागद ताणून चौकटीला चिकटपट्टीनं असा बसवायचा की हवेला वाट राहणार नाही. बाहेरच्या खोक्याच्या एका झाकणाला आतून फॉइल लावली की झाली झडप. ती हव्या त्या कोनात थांबवायला एक काडी आणि दोरा पुरतो.

इथे हात जपून चालवावा लागतो तो झडपेवर. भिंतीवरची फॉइल थोडी सुरकुतली तरी बिघडत नाही, कारण तिथून उडालेला उजेड खोक्यातच कुठेतरी पडतो. झडपेवरची सुरकुती मात्र उजेड भलतीकडे फेकते, त्यामुळे ती फॉइल रुमालानं हलकेच दाबत सपाट बसवायला हवी. फॉइलची जास्त चकचकीत बाजू वर हवी की कमी चकचकीत, यावर मुलं हटकून वाद घालतात. दोन्ही बाजू जवळपास सारखाच उजेड परतवतात, पण मंद बाजूवरून तो थोडा पसरून जातो. म्हणून झडपेला चकचकीत बाजू वर ठेवावी. भिंतींना कुठलीही चालते.

डबा पातळ पत्र्याचा, बाहेरून काळा आणि झाकण असलेला हवा. फळ्याला देतात तो काळा रंग हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो फक्त बाहेरून लावायचा आणि डबा वापरण्याआधी रिकामा उन्हात ठेवून रंगाचा वास पूर्ण जाऊ द्यायचा. ज्या घरात चूल पेटते, तिथे हा खटाटोपही नको. पातेल्याच्या बुडाला बसलेली काजळी हा उजेड शोषणारा फार चांगला थर आहे. राखेनं घासून ती काढून टाकण्याआधी एकदा शाळेत आणली की झालं.

आता वरच्या प्लास्टिककडे येऊ. ‘ऊन आत येतं आणि बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून खोका तापतो,’ असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. काळा तळ तापला की तोही डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण बाहेर टाकू लागतो. काच हे किरण बऱ्यापैकी अडवते. साधं पॉलिथिन मात्र त्यातले पुष्कळसे निसटू देतं. तरीही पॉलिथिन लावलेला खोका उघड्या खोक्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो, कारण तापलेली हवा वर जाऊन तिची जागा बाहेरच्या थंड हवेनं घेणं, हे अभिसरण तो पातळ पडदाही थांबवतो. झाकण नसलेल्या गटाला हे वारा सुटला की लगेच कळतं. वाऱ्याच्या एका झुळकीसरशी त्यांच्या पाण्याचं तापमान जागीच अडतं. प्लास्टिकचे दोन थर बोटभर अंतर ठेवून लावले, तर मधली हवा दुलईचं काम करते. पण प्रत्येक थर थोडा उजेडही परतवतो, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या थरापासून मिळणारा फायदा कमी होत जातो.

थरांचा हा खेळ अडीचशे वर्षांहून जुना आहे. जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या निसर्ग अभ्यासकानं १७६७ साली काचेच्या पाच पेट्या एकात एक अशा काळ्या लाकडी मेजावर ठेवल्या आणि सर्वांत आतल्या पेटीचं तापमान मोजलं. ते सत्याऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं होतं. पुढे त्यानं काळ्या बुचाचं अस्तर दिलेली, तीन काचांची पेटी बनवली, तेव्हा पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वरचं तापमान मिळालं. ही पेटी घेऊन तो आल्प्सच्या एका शिखरावर चढला. वरची हवा कडाक्याची थंड होती. दुसऱ्या दिवशी खालच्या सखल भागात तोच प्रयोग केला, तेव्हा तिथली हवा चांगलीच उबदार होती. पेटीच्या आतलं तापमान मात्र दोन्ही ठिकाणी जवळजवळ सारखंच निघालं.

शाळेतल्या स्पर्धेसाठी यातून मिळणारी गोष्ट मोलाची आहे. खोका तापतो तो हवेतल्या उकाड्यानं नव्हे, वरून येणाऱ्या उजेडानं. मुंबईत याचा पुरावा १८७८ च्या सुमारास मिळाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नोकरीत असलेल्या विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज अधिकाऱ्यानं आठ बाजूंचा आरसा आणि भांड्यावर काचेचं आवरण अशी सौर चूल बनवली होती. तिच्यावर सात सैनिकांचं जेवण दोन तासांत शिजलं, आणि तेही जानेवारीत, म्हणजे मुंबईतल्या सर्वांत थंड महिन्यात, असं त्यानं आपल्या पुस्तकात नोंदवलं आहे. स्वच्छ आकाशाची थंड सकाळ आणि ढगाळ, घामट दुपार यांतून सौर चुलीसाठी दिवस निवडायचा झाला, तर सकाळ निवडावी.

महाराष्ट्रातल्या शाळांसाठी सोयीचा दिवस म्हणजे २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. आकाश बहुधा निरभ्र असतं आणि परीक्षांची गर्दी अजून सुरू झालेली नसते. फक्त वेळ नीट साधायला हवी. घड्याळात बारा वाजले की सूर्य डोक्यावर, हा समज इथे फसवतो. भारताची प्रमाणवेळ ठरवणारं रेखावृत्त आपल्या बरंच पूर्वेला आहे, त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटी पुण्यात सूर्य सर्वांत उंच येतो तो साधारण पाऊण वाजता. मैदानात एक काठी उभी रोवून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण केली, तर सर्वांत आखूड सावली कधी पडली हे मुलं स्वतःच शोधून काढतात. चुली साडेअकरा ते दीड या वेळेत मांडाव्यात. शाळा सकाळच्या सत्राची असेल, तर त्या दिवसापुरती वेळ पुढे ढकललेली बरी.

झडपेचा कोन पाठ करण्याची गरज नसते. झडप मागेपुढे करताना उजेडाचा एक चौकोनी पट्टा खोक्यात सरकताना दिसतो. तो डब्यावर आणि काळ्या तळावर आला की काडी अडकवायची. सूर्य उंच असताना झडप बरीच मागे कललेली लागते, तो उतरू लागला की ती अधिकाधिक उभी करावी लागते. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणून दर वीस-पंचवीस मिनिटांनी खोका थोडा फिरवायचा आणि पट्टा पुन्हा जागेवर आणायचा. फॉइलकडे टक लावून बघायचं नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवावं. पट्टा बघायचा तो खोक्यात.

मोजमापात सगळ्यांत जास्त घोटाळा थर्मामीटरमुळे होतो. घरातला तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, त्याची पट्टी ४२ अंशांपाशी संपते. प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा हवा. तोही खोक्यात नुसता उभा ठेवला, तर त्याच्या फुग्यावर थेट ऊन पडतं आणि तो हवेऐवजी स्वतःचंच तापणं दाखवतो. शिवाय खोक्यातली हवा मोजून फार काही कळत नाही. ३० सेंटिमीटरच्या, वीतभर खोल खोक्यात हवा असते ती जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम. ती क्षणात तापते आणि क्षणात निवते. खरी मिळकत असते ती पाण्यात. म्हणून डब्याच्या झाकणाला भोक पाडून थर्मामीटर पाण्यात बुडेल असा बसवावा आणि प्लास्टिकमधून बाहेर काढावा. म्हणजे वाचन घेताना खोका उघडावा लागत नाही.

आता एका गटाच्या वहीत डोकावू. हे आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत, पण बऱ्यापैकी बांधलेल्या चुलीत असाच क्रम दिसतो. सुरुवातीला पाणी ३० अंश. पुढे दर दहा मिनिटांनी ३६, ४५, ५३, ६०, ६६, ७०, ७३ आणि ७५. आलेख काढला की रेघ आधी सावकाश, मग झपाट्यानं चढते आणि नंतर हळूहळू आडवी होत जाते.

पहिली दहा मिनिटं मंद का, याचं उत्तर सोपं आहे. त्या वेळी ऊन पाण्याबरोबर पुठ्ठा, पत्रा आणि कागदाचे बोळेही तापवत असतं. शेवटी रेघ आडवी का होते, हा खरा प्रश्न आहे, कारण ऊन तर कमी झालेलं नाही.

इथे थोडा हिशेब करू. दुपारच्या स्वच्छ उन्हात सूर्यकिरणांना काटकोनात धरलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॉट शक्तीचा उजेड पडतो. खोक्याचं तोंड त्याच्या अकराव्या हिश्शाएवढं आणि किरण थोडे तिरके, म्हणजे झडपेची भर सोडली तरी खोक्यावर ८० वॉटच्या आसपास ऊन पडतं. एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापवायला ४.२ ज्यूल लागतात. २०० ग्रॅम पाणी ३० वरून ७० वर न्यायला २०० गुणिले ४० गुणिले ४.२, म्हणजे ३३,६०० ज्यूल लागले. दर सेकंदाला ८० ज्यूल मिळत असतील आणि सगळे पाण्यात गेले, तर हे काम सात मिनिटांत व्हायला हवं. गटाला लागला पूर्ण एक तास. म्हणजे आलेल्या उन्हापैकी जेमतेम आठवा हिस्सा पाण्यात उतरला.

पुढची पायरी आणखी बोलकी आहे. पाणी ४५ वरून ५३ वर गेलं, त्या दहा मिनिटांत ते दर सेकंदाला सुमारे ११ ज्यूल घेत होतं. ७३ वरून ७५ वर जाताना तेच पाणी दर सेकंदाला तीन ज्यूलही घेत नव्हतं. खोक्यावर तेव्हाही तेवढंच ऊन पडत होतं. फरक पडला तो गळतीत. खोका जितका गरम, तितकी त्याच्यातून उष्णता जोरानं बाहेर पडते. पुठ्ठ्यातून वहनानं, फटींतून अभिसरणानं आणि प्लास्टिकमधून प्रारणानं. बुडाला भोक असलेली बादली नळाखाली धरावी, तसंच हे आहे. पाणी जसं चढतं तसा भोकातून निघणारा झोतही वाढतो आणि एका उंचीला येणारं पाणी व जाणारं पाणी सारखं होतं. खोक्याचंही असंच एक तापमान असतं, ज्याच्या वर तो जात नाही. ते वाढवायचं असेल, तर नळ मोठा करायचा किंवा भोक बुजवायचं. झडप म्हणजे मोठा नळ. कागदाचे बोळे, दुहेरी झाकण आणि नीट चिकटवलेले कोपरे म्हणजे बुजवलेली भोकं.

हे एकदा समजलं की वेगवेगळ्या गटांच्या रेघा मुलांना वाचता येतात. झडप नसलेल्या गटाची रेघ सुरुवातीपासूनच कमी चढाची दिसते, कारण त्यांचा नळच लहान आहे. बोळे न भरलेल्या गटाची रेघ सुरुवातीला पूर्ण चुलीच्या जवळून जाते आणि पुढे लवकर आडवी होते. त्या खोक्याची बाहेरची भिंत हाताला कोमट लागते. काळा रंग नसलेला गट पहिल्या दहा मिनिटांपासूनच मागे असतो. एखाद्या गटाची रेघ मधेच खाली वाकली, तर आधी आकाशात ढग आला होता का ते विचारावं, आणि मग झाकणाची चिकटपट्टी सुटली आहे का ते पाहावं.

आणखी एक बिघाड नुसत्या डोळ्यांनीही कळतो. प्लास्टिकला आतून दहिवरासारखे थेंब धरले, तर डब्याचं झाकण नीट बसलेलं नाही. पाण्याची वाफ होताना भरपूर उष्णता लागते. ती वाफ वर जाऊन प्लास्टिकवर गार होते, म्हणजे कष्टानं मिळवलेली उष्णता पाण्यातून निघून थेट झाकणापाशी जाते. वर ते थेंब येणारा उजेडही अडवतात. अशा वेळी डबा बंद करणं हा एकच उपाय आहे.

पुठ्ठा पेट घेईल का, ही पालकांची काळजी रास्त असली तरी या प्रकारच्या चुलीत तसं होत नाही. कागद पेटायला दोनशे अंशांहून बरंच जास्त तापमान लागतं, आणि एका झडपेचा पुठ्ठ्याचा खोका त्याच्या आसपासही फिरकत नाही. अंतर्गोल तबकडीच्या सौर चुलीची गोष्ट वेगळी. ती सगळा उजेड एका ठिपक्यावर आणते, म्हणून तो प्रकार या वयाच्या मुलांच्या हाती देऊ नये. खोक्याच्या चुलीत जपायचं ते दोन गोष्टींना. प्लास्टिक तापलेल्या डब्याला टेकू द्यायचं नाही, नाहीतर ते वितळून भोक पडतं. आणि डबा कापडानं धरूनच उचलायचा, कारण ७५ अंशांचं पाणी लहान हातांना भाजायला पुरेसं असतं. फटीत थर्माकोल भरण्याचा मोहही टाळावा. तापल्यावर तो मऊ पडून आकसतो.

शेवटी मुलांना काहीतरी शिजवायचंच असतं, आणि तेही मोजमाप म्हणूनच करता येतं. चॉकलेट आणि लोणी पस्तीस अंशांच्या आसपास वितळतात, म्हणून झाकण नसलेल्या गटालाही ते जमतं. मेणबत्तीच्या मेणाचा तुकडा पन्नास-साठ अंशांना पाघळतो. तांदळातला स्टार्च फुगून मऊ व्हायला सत्तर अंश आणि त्याहून थोडं वरचं तापमान लागतं. म्हणजे भाताची मूठ फक्त पूर्ण चुलीच्या गटाला साधते. मूठभर तांदूळ अर्धा तास भिजवून, गरजेपुरतंच पाणी घालून, झाकण लावून दोन तास ठेवावेत. तूर डाळीला सलग उकळी लागते, तेव्हा तिच्या वाट्याला जाऊ नये. दूध, अंडी किंवा चिकन कोमट खोक्यात तासन्तास ठेवणंही धोक्याचं. पाच ते साठ अंशांच्या दरम्यान जंतू वाढतात, आणि मंद चुलीत अन्न याच पट्ट्यात सर्वांत जास्त वेळ राहतं. दोन तासांत भात नीट शिजला नाही, तर तो खाण्याऐवजी त्याचं तापमान टिपून टाकून द्यावा.

दीड वाजता स्पर्धा संपली तरी खोके लगेच आवरायचे नाहीत. सगळे डबे बाहेर काढून रिकामे करावेत, प्रत्येकात एकाच पातेल्यातलं ७० अंशांचं पाणी २०० मिलिलिटर भरावं, डबे खोक्यांत परत ठेवावेत आणि खोके सावलीत न्यावेत. आता ऊन नाही, त्यामुळे मिळकत शून्य आणि चालू आहे ती फक्त गळती. दर दहा मिनिटांनी पुन्हा वाचन घ्यावं. झडप नसलेला गट इथे पूर्ण चुलीच्या बरोबरीनं टिकतो, कारण त्यांच्या खोक्याला भोक नव्हतंच, नळ लहान होता. बोळे न भरलेला गट मागे पडतो. काळा रंग नसलेल्या गटाचं पाणी मात्र काळ्या डब्यातल्या पाण्याइतकंच, किंवा थोडं जास्तच वेळ गरम राहतं, कारण चकचकीत पृष्ठभाग उष्णतेचे किरण शोषतो कमी तसे बाहेरही कमी टाकतो. सकाळी मागे पडलेला तो लख्ख स्टीलचा डबा या फेरीत पुढे जाऊ शकतो, आणि दोन फेऱ्यांत निकाल असा उलट का लागला, हे मुलांना वहीतले आकडे समोर ठेवून आपल्या शब्दांत लिहायला सांगावं.